अपघाताच्या बातमीचा पहिला वाचक

९ जून २०२५ हा सोमवार होता. सकाळच्या ऐन गर्दीत दिवा आणि मुंब्रा स्थानकांदरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या. एक कसाऱ्याकडे निघाली होती, दुसरी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे. दारात उभे असलेले काही प्रवासी त्या क्षणी खाली पडले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. जखमींना कळवा आणि ठाण्याच्या रुग्णालयांत नेले. टीव्हीवर पट्टी झळकण्याआधीच रुळांलगतच्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागल्या होत्या.

त्या तासाभरात ही बातमी सर्वांत आधी कोणी वाचली असेल? डोंबिवली, कल्याण, टिटवाळा, बदलापूर इथल्या घरांतल्या माणसांनी. ज्यांचे कोणी सकाळच्या लोकलने कामावर गेले होते आणि ज्यांचा फोन लागत नव्हता, अशांनी. या वाचकाला पाच-सहा गोष्टी हव्या असतात: नेमकी कोणती गाडी, ती कुठून कुठे चालली होती, किती वाजता, कोणत्या दोन स्थानकांच्या मध्ये, जखमींना कोणत्या रुग्णालयात नेले आणि चौकशीसाठी फोन कुठे करायचा. पैकी गाडीची दिशा आणि वेळ एवढे जरी बातमीत पक्के असले, तरी हजारो घरांचा जीव भांड्यात पडतो. ‘लोकलमधून पडून प्रवाशांचा मृत्यू, थरारक व्हिडिओ समोर’ एवढेच असले, तर त्या सगळ्या घरांत एकाच वेळी घबराट उडते.

अपघाताचे वार्तांकन संयमाने करावे, असे म्हटले की त्याकडे सभ्यतेचा किंवा भावनेचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केलेल्यांना मात्र त्याची दुसरी बाजू ठाऊक असते. रक्तामांसाचे वर्णन बातमीत बहुतेक वेळा माहितीच्या जागी येऊन बसते. वार्ताहर घटनास्थळी पोहोचलेला नसतो, पोलिस ठाण्यातला फोन उचलला जात नाही, आवृत्ती सोडायची वेळ झालेली असते. अशा वेळी ‘काळाचा घाला’, ‘मृत्यूचे तांडव’, ‘अंगावर काटा आणणारे दृश्य’ हे शब्द कामाला येतात. त्यांना कोणाचा दुजोरा लागत नाही. ज्या बातमीत गाडीचा क्रम, वेळ, ठिकाण आणि रुग्णालय नीट आलेले असते, तिथे अशा शब्दांना जागाच उरत नाही. मृतांचा मान राखणे आणि बातमी पक्की करणे ही दोन्ही कामे बरीचशी एकच आहेत, आणि ते पहिल्या काही तासांतल्या चार निर्णयांत दिसते: आकडा, नाव, छायाचित्र आणि कारण.

आकड्यापासून सुरुवात करू. २ जून २०२३च्या संध्याकाळी ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकाजवळ शालिमारहून चेन्नईला निघालेली कोरोमंडल एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर आदळली. तिचे घसरलेले डबे शेजारच्या रुळावर गेले आणि बंगळुरूहून हावड्याला चाललेल्या गाडीच्या मागच्या डब्यांनाही धक्का बसला. दुसऱ्या दिवशी मृतांचा आकडा २८८ सांगितला गेला. ४ जूनला ओडिशा सरकारने तो २७५ वर आणला, कारण काही मृतदेह दोनदा मोजले गेले होते. ६ जूनला तो पुन्हा २८८ झाला. पुढे उपचार घेणाऱ्यांपैकी काही दगावले आणि आकडा २९० च्या वर गेला.

यात कोणी लपवाछपवी केली, असे म्हणायला हा चढउतार पुरेसा नव्हता. अंधारात शोधकार्य चालू असताना मोजदाद एका ठिकाणी होत नाही. घटनास्थळावर पोलिस मोजतात, रुग्णवाहिका वेगवेगळ्या रुग्णालयांत जातात, तिथे पुन्हा नोंद होते, आणि एकाच व्यक्तीची नोंद दोन याद्यांत येते. म्हणून जाणता वार्ताहर आकडा लिहिताना त्याला दोन शेपट्या जोडतो, आकडा कोणी दिला आणि किती वाजता दिला. ‘शनिवारी दुपारी दोनपर्यंत जिल्हा प्रशासनाने दिलेल्या माहितीनुसार’ हे सात शब्द जागा खातात खरे, पण आकडा बदलला तरी वृत्तपत्राला तोंड लपवावे लागत नाही. उलट दोन वाहिन्यांत आकड्याची चढाओढ लागली की पोलिस, रुग्णालय आणि एखाद्या लोकप्रतिनिधीने सांगितलेल्या तीन आकड्यांतला सर्वांत मोठा निवडला जातो. आपले माणूस त्या आकड्यात आहे की नाही, हे शोधत फिरणाऱ्या कुटुंबासाठी तेरा माणसांचा फरक हा केवळ बेरजेतला फरक नसतो. मृतांची यादी आणि रुग्णालयातली यादी जुळत नसेल, तर त्यांना दोन्हीकडे पुन्हा जावे लागते.

बहानग्याला नेमके हेच झाले. पहिले मृतदेह जवळच्या शाळेच्या इमारतीत ठेवले होते. नंतर ते बालासोर आणि भुवनेश्वरला हलवले. नातेवाईक पश्चिम बंगाल, बिहार, झारखंडमधून येत होते आणि त्यांना छायाचित्रांवरून ओळख पटवायला सांगितले जात होते. काही ठिकाणी एकाच मृतदेहावर एकाहून अधिक कुटुंबांनी दावा केला. भुवनेश्वरच्या एम्समध्ये डीएनए नमुने घ्यावे लागले. पटत नाही पटत असे म्हणत घेतलेली घाईची ओळख किती धोक्याची असते, ते इथे दिसले. अशा परिस्थितीत मृतांची नावे छापण्याची घाई करणाऱ्या वार्ताहराने स्वतःला विचारायला हवे, की ज्या नावाची खात्री घरच्यांनाही नाही, ते नाव आपल्याकडे कुठून आले?

नावाचा प्रवास कसा होतो, हे वाचकांना सहसा माहीत नसते. रेल्वेच्या हद्दीत मृत्यू झाला, तर स्थानक प्रबंधकाकडून लोहमार्ग पोलिसांना लेखी कळवले जाते. पोलिस पंचनामा करतात, अंगावरच्या वस्तूंची यादी करतात आणि मृतदेह सरकारी रुग्णालयात पाठवतात. खिशातला पास, आधार कार्ड, कार्यालयाचे ओळखपत्र किंवा वाजणारा फोन यांवरून घरचा पत्ता लागतो. घरी फोन जातो. अनुभवी हवालदार शक्यतो एवढेच सांगतो, की अपघात झाला आहे, सोबत कोणाला तरी घेऊन रुग्णालयात या. नातेवाईक येतात, ओळख पटते, त्यांचा जबाब होतो, शवविच्छेदन होते, मृतदेह ताब्यात दिला जातो. या साखळीत ओळख पटण्याच्या आधीचे कोणतेही नाव कच्चेच असते. गर्दीच्या लोकलमध्ये एकाची बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर किंवा रॅकवर असते, पडताना सामान इकडचे तिकडे होते. बॅगेतल्या कार्डावरचे नाव त्या माणसाचेच असेल, असे नाही.

पोलिस ठाण्यातल्या ओळखीच्या माणसाकडून वार्ताहराला ते कच्चे नाव दहा मिनिटांत मिळू शकते. तिथून पुढचा प्रसंग अनेक गावांत अनेकदा घडलेला आहे. वार्ताहर घराचा नंबर शोधून फोन लावतो, ‘तुमच्याकडचे अमुक अमुक आज सकाळच्या गाडीने गेले होते ना?’ असे विचारतो, आणि पलीकडच्या आईला किंवा भावाला बातमी पहिल्यांदा त्याच्याकडून कळते. हे टाळायचे तर नियम अगदी साधा आहे. पोलिसांनी घरच्यांना कळवले आहे का, हे आधी पोलिसांना विचारायचे. उत्तर नाही किंवा माहीत नाही असे आले, तर फोन लावायचा नाही आणि नावही द्यायचे नाही. तोवर ‘अंदाजे ३० वर्षांचा पुरुष’ एवढे लिहून बातमी चालते. ओळख पटल्यावरही नाव, वय आणि गाव पुरे होते. इमारतीचे नाव, मजला, मृताच्या मुलांच्या शाळेचे नाव यांची कोणालाही गरज नसते. उलट कॅमेरे दारात उभे राहतात ते याच तपशिलांमुळे.

समाजमाध्यमावरून उचललेल्या फोटोचेही तसेच आहे. एकाच नावाची चार खाती असतात, आणि चुकीच्या, जिवंत माणसाचा फोटो मृत म्हणून छापला गेला तर दोन घरांवर आघात होतो. मृत अल्पवयीन असेल, किंवा अपघाताच्या गुन्ह्यात मूल पीडित वा साक्षीदार असेल, तर सावधगिरी केवळ संकेतापुरती राहत नाही. बालन्याय कायद्याचे ७४ वे कलम मुलाची ओळख उघड करण्यावर बंधन घालते. पुण्यात १९ मे २०२४ला कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. संशयित अल्पवयीन होता. त्या प्रकरणात त्याच्या नावाने एक रॅप गाण्याची चित्रफीत देशभर फिरली आणि नंतर ती त्याची नसल्याचे पोलिसांनी स्पष्ट केले. अनेकांनी ती आधीच दाखवून घेतली होती. संताप कितीही रास्त असला, तरी खोटी चित्रफीत दाखवून मृतांना न्याय मिळत नाही. उलट खऱ्या तपासाकडचे लक्ष आठवडाभर दुसरीकडे जाते.

आता छायाचित्राकडे वळू. भारतीय प्रेस परिषदेच्या पत्रकारितेच्या आचारसंहितेत दहशतवादी हल्ले, जातीय दंगली आणि अपघात यांच्या छायाचित्रणावर स्वतंत्र नियम आहे. छिन्नविच्छिन्न मृतदेहांची, भीती किंवा किळस निर्माण करणारी छायाचित्रे टाळावीत, असा त्याचा आशय आहे. वाहिन्यांसाठी केबल दूरचित्रवाणी कायद्याखालची कार्यक्रम संहिता लागू होते. ९ जानेवारी २०२३ला केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने सर्व वाहिन्यांना सूचनापत्र पाठवले. मृतदेह, रक्ताळलेले जखमी, मारहाण अशी दृश्ये जवळून, पुन्हा पुन्हा आणि न झाकता दाखवल्याची उदाहरणे त्यात तारखेनिशी दिली होती. त्यातले एक उदाहरण ३० डिसेंबर २०२२चे, मोटार अपघातात जखमी झालेल्या एका क्रिकेटपटूचे होते. बरीच दृश्ये समाजमाध्यमांवरून घेऊन, कोणताही संपादकीय विचार न करता जशीच्या तशी दाखवली गेली, असे मंत्रालयाने नमूद केले होते. घराघरांत मुले आणि वयस्कर माणसे हे पाहतात, हा त्याचा एक मुद्दा होता.

चेहरा धूसर केला की झाले, असे डेस्कवर समजले जाते. घरच्यांना तेवढ्याने काही फरक पडत नाही. सकाळी घातलेला शर्ट, चप्पल, हातातला धागा, डब्याची पिशवी यांवरून आई-बायको माणूस ओळखते. म्हणून छायाचित्र निवडताना विचारायचा प्रश्न ‘यात रक्त दिसते का’ एवढाच नसतो. ‘यावरून घरच्यांना माणूस ओळखता येईल का’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. उत्तर होय असेल तर छायाचित्र बाद. त्याऐवजी काय छापायचे? वळणाची जागा, दोन रुळांमधले अंतर, कठड्याचा तुटलेला भाग, अग्निशमन दलाचे जवान काम करताना, रुग्णालयाबाहेरचा चौकशी कक्ष. यातले प्रत्येक छायाचित्र अपघाताबद्दल काही सांगते. झाकलेला मृतदेह मात्र प्रत्येक अपघातात सारखाच दिसतो आणि अपघाताबद्दल काहीच सांगत नाही. वस्तूंबाबतही हात जपून टाकावा लागतो. बहानग्याच्या रुळांवर एका वहीची पाने सापडली. त्यांवर चित्रे होती आणि बंगालीत लिहिलेल्या प्रेमाच्या ओळी होत्या. ती पाने देशभर फिरली. ती छापण्यामागे हळहळच होती, यात शंका नाही. तरीही ते एका माणसाचे खासगी लेखन होते, आणि ते सर्वांसमोर मांडायला त्याची किंवा घरच्यांची परवानगी घेणे त्या घाईत कोणालाही शक्य नव्हते.

रुग्णालयात जखमींच्या खाटेजवळ माईक नेण्याबद्दलही थोडे बोलायला हवे. धक्क्यात असलेला, वेदनाशामकाच्या अमलाखाली असलेला माणूस जे सांगतो, ते साक्ष म्हणून कच्चे असते आणि मुलाखत म्हणून अन्यायाचे. शुद्धीवर आलेल्या प्रवाशाला त्याच्या शेजारी बसलेला भाऊ गेल्याचे अजून सांगितलेलेही नसते. डॉक्टरांना विचारून, दोन दिवसांनी, त्याने स्वतः होकार दिल्यावर घेतलेली मुलाखत जास्त माहिती देते. मदतीला धावलेल्यांचेही तेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ला आलेल्या १३४-अ कलमाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या व्यक्तीला संरक्षण दिले आहे आणि तिच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मग ते नाव तिला न विचारता पहिल्या पानावर छापणे हे त्या संरक्षणाच्या उलट जाते. कोर्टकचेरीच्या भीतीने मागे सरणारी माणसे त्यामुळे आणखी मागे सरतात.

हे सगळे एका छोट्या बातमीत कसे उतरते, ते पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. समजा, एका राज्य महामार्गावर पुलाजवळ ट्रक आणि दुचाकीची धडक झाली आणि दुचाकीवरचे दोघे गेले. नेहमीची बातमी ‘भरधाव ट्रकने चिरडले’ अशी सुरू होते, मग दुचाकीच्या चक्काचुराचे वर्णन येते, मग मृतांच्या अवस्थेचे, आणि शेवटी ‘पुढील तपास पोलिस करीत आहेत’. यात ‘भरधाव’ हा शब्द कोणी मोजून लिहिलेला नसतो. संयमी बातमी साधारण अशी असेल: ‘बुधवारी सायंकाळी सातच्या सुमारास पुलाच्या पूर्वेकडील वळणावर समोरासमोरून आलेल्या ट्रक आणि दुचाकीची धडक झाली. दुचाकीवरील दोघांचा मृत्यू झाला, असे ग्रामीण पोलिसांनी सांगितले. मृतांची ओळख पटली असून नातेवाइकांना कळवण्यात आले आहे. ट्रकचालक पोलिसांच्या ताब्यात आहे. या वळणावर दुभाजक नाही आणि पथदिवे बंद होते, असे स्थानिकांचे म्हणणे आहे. याबाबत सार्वजनिक बांधकाम विभागाची बाजू मिळाल्यावर प्रसिद्ध केली जाईल.’

यात एकही भयंकर शब्द नाही, आणि नेहमीच्या बातमीपेक्षा माहिती कितीतरी जास्त आहे. शेवटच्या वाक्यातून वार्ताहराला पुढचे कामही सापडते. राष्ट्रीय महामार्गांसाठी ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या ठरलेली आहे: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू. ती या ठिकाणाला लागू होते का, हे पोलिसांच्या नोंदींवरून तपासता येते. आधी तिथे तीन अपघात झाले असतील आणि तिन्ही बातम्यांत फक्त चक्काचूर आणि आक्रोश असेल, तर ती जागा धोक्याची आहे हे कोणालाच कळलेले नसते.

चौथा निर्णय कारणाचा. सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या चुकांची झळ मृतांच्या वारसांपर्यंत पोहोचते.

१ जुलै २०२३ला पहाटे दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे उलटली आणि पेटली. पंचवीस प्रवाशांचा मृत्यू झाला, आठजण बचावले. टायर फुटल्याने हा अपघात झाला, हे सकाळी सगळीकडे सांगितले जात होते, कारण बचावलेल्या चालकाने तसे म्हटले होते. मथळ्यांत ‘चालकाच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द गळून पडले. त्यानंतर अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा किंवा रबराचे तुकडे मिळाले नाहीत. पोलिसांनी चालकाला अटक केली होती. फुटलेल्या टायरची गोष्ट मात्र अनेकांच्या डोक्यात राहिली. टायर फुटणे हा दैवाचा भाग वाटतो आणि त्यामुळे पुढचे प्रश्न थांबतात. बस उलटल्यावर दार खाली दबले का, काचा फोडायला साधन होते का, बचावलेले बाहेर कसे पडले, या प्रश्नांची उत्तरे मृतांच्या घरच्यांना हवी होती. आगीमुळे मृतदेहांची ओळख पटवणे अवघड झाले आणि दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात चोवीस जणांवर एकत्रित अंत्यसंस्कार झाले. एका प्रवाशाचा दफनविधी झाला. त्या दिवशी वर्णनाला भरपूर वाव होता. ज्यांनी आगीचे वर्णन टाळून बसच्या रचनेबद्दल आणि डीएनए चाचणीला लागणाऱ्या वेळेबद्दल लिहिले, त्यांच्या बातम्या आजही उपयोगी पडतात.

रेल्वेतल्या मृत्यूंमध्ये कारणाचा शब्द थेट पैशांपर्यंत पोहोचतो. रेल्वे कायदा, १९८९च्या १२४-अ कलमानुसार प्रवासी गाडीतून चुकून पडून मृत्यू झाला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, वारसांना भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे. आत्महत्या, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य किंवा नशेत असताना ओढवलेला मृत्यू मात्र यातून वगळलेला आहे. रूळ ओलांडणाऱ्या माणसालाही हे कलम लागू होत नाही, कारण रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे. आता रुळांजवळ मृतदेह सापडला आणि वार्ताहराने सवयीने ‘रूळ ओलांडताना लोकलची धडक’ असे लिहिले, तर तो नकळत एका वादात बाजू घेतो. बातमी हा पुरावा नसतो, पण नातेवाइकांना पहिली गोष्ट तिथूनच कळते, आणि खचलेले कुटुंब दावा करण्याचा विचारच सोडून देते. म्हणून मोटरमन किंवा गार्डचा जबाब, स्थानकाची नोंद आणि पंचनामा काय सांगतो हे कळेपर्यंत ‘रुळांजवळ मृतावस्थेत आढळला’ एवढेच लिहिणे रास्त.

दारात उभे राहणाऱ्यांवर ओढलेल्या ताशेऱ्यांचेही असेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ला रीना देवी प्रकरणात सांगितले, की केवळ निष्काळजीपणा दाखवून रेल्वेला भरपाई टाळता येत नाही, आणि मृताकडे तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा आपोआप फेटाळला जात नाही. म्हणजे ‘जीवघेणी स्टंटबाजी नडली’ असा मथळा देणारा उपसंपादक न्यायालयापेक्षाही कडक निकाल देत असतो, आणि तोही मृताची बाजू न ऐकता. सकाळी आठ-साडेआठच्या दिवा-मुंब्रा पट्ट्यात आत शिरायला जागा नसणे ही हौस नव्हे, हे तिथून जाणाऱ्या कोणालाही विचारले तर कळते.

मुंब्र्याच्या अपघाताचे कारण तर महिनोन् महिने बदलत गेले. पहिल्या दिवशी गर्दी आणि दारातले प्रवासी यांची चर्चा होती. रेल्वेच्या बाजूने प्रवाशांच्या पाठीवरच्या बॅगा एकमेकांना घासल्याचे सांगितले गेले. नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. मग नोव्हेंबर २०२५च्या सुरुवातीला लोहमार्ग पोलिसांनी तांत्रिक अहवालाच्या आधारे रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. त्या ठिकाणच्या रुळांच्या देखभालीत हयगय झाली, असा पोलिसांचा आरोप होता. रेल्वे कर्मचारी संघटनांना तो मान्य नव्हता. त्यांनी सीएसएमटीवर आंदोलन केले आणि प्रकरण न्यायालयात गेले. अंतिम ठपका कोणावर येईल हे न्यायालय ठरवील. परंतु जूनमध्ये ज्यांनी ‘स्वतःच्या चुकीने’ असे लिहिले होते, त्यांच्या मृतांना नोव्हेंबरमध्ये दिलासा देणारी बातमी त्याच ठळकपणे छापली गेली का, हे प्रत्येक संपादकाने आपापल्या अंकात पाहावे.

बहानग्यालाही कारणाच्या घाईने दुसरेच वळण घेतले होते. रुळांजवळची एक पांढरी वास्तू मशीद असल्याचे सांगत घातपाताचा संदेश फिरवला गेला. ते इस्कॉनचे मंदिर होते. ओडिशा पोलिसांनी ४ जूनला अपघाताला धार्मिक रंग देणाऱ्यांना इशारा दिला. त्याच दिवशी रेल्वे मंडळाने सांगितले, की कोरोमंडलच्या लोको पायलटला हिरवा सिग्नल होता आणि गाडीने वेगमर्यादा ओलांडली नव्हती. सिग्नल मुख्य मार्गाचा होता, पण रुळांचा सांधा मालगाडी उभी असलेल्या लूप मार्गाकडे वळलेला होता. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात सिग्नल यंत्रणेच्या वायरिंगमधल्या आणि दुरुस्तीच्या कामातल्या चुका नोंदल्या गेल्या आणि जुलैमध्ये सीबीआयने तीन रेल्वे कर्मचाऱ्यांना अटक केली. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. रेल्वेने स्वतःचाच तपास स्वतः करू नये म्हणून ही रचना आहे. मोठ्या रेल्वे अपघातानंतर वार्ताहराने ज्या कागदाची वाट पाहायची, तो हा अहवाल. तो यायला आठवडे लागतात, तोवर कॅमेरे परत गेलेले असतात.

या पाठपुराव्यात वृत्तपत्र नातेवाइकांच्या उपयोगी पडेल असे एक काम फार थोड्या ठिकाणी होते. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज साधारणपणे घटनेपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. उशीर झाल्यास त्याचे सबळ कारण द्यावे लागते. अर्जासोबत लोहमार्ग पोलिसांच्या नोंदीची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, स्थानक प्रबंधकाच्या नोंदीची प्रत आणि असल्यास तिकीट किंवा पास लागतो. रस्ते अपघातांसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. तिथे २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली, आणि त्या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. अपघातानंतर तीन महिन्यांनी, मुदत संपायच्या आत, ही माहिती देणारी एक चौकट छापली आणि त्यात जवळच्या न्यायाधिकरणाचा व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता दिला, तर दहा-बारा घरांना ती कापून ठेवता येते.